बोट टेकलं, थाप कुठे राहिली?

"मामा, थाप मागे येतेय," भाचा म्हणाला. फोन त्याच्या हातात होता, बोट स्क्रीनवर. मी शेजारी बसून ऐकत होतो आणि मला काहीच मागे-पुढे वाटत नव्हतं. पण हा मुलगा ठाण्यातल्या एका पथकात तीन वर्षं ताशा वाजवतोय. माझ्या कानापेक्षा त्याच्या कानावर माझा जास्त विश्वास आहे.

आमचा गेम अगदी साधा आहे. स्क्रीनवर ढोलाची दोन पानं दिसतात, एक टिपरूचं आणि एक थापीचं. मागे ताशाचा ठेका चालू असतो आणि खेळणाऱ्याने त्यात आपला ढोल बसवायचा. दिवसा मी ऐरोलीत नोकरी करतो, भाचा कॉलेजात असतो. गेमचं काम कोपरीत माझ्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर चालतं. चाचणी सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये होते, कारण लोक असले गेम तिथेच उभ्याने खेळतात.

आधी तक्रार खरी आहे का ते बघू, म्हटलं. त्यासाठी कुठलंही खास यंत्र लागत नाही. फोन टेबलावर ठेवायचा, लॅपटॉपचा माइक जवळ आणायचा, ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग चालू करायचं आणि बोटाच्या मांसल भागाऐवजी नखाची कड लागेल अशी टिचकी स्क्रीनवर मारायची. नखाची "टक" आणि स्पीकरमधली "धम" दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये येतात. मग चित्र मोठं करून पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निवड करायची. खाली मिलिसेकंद लिहिलेले दिसतात. दहा वेळा करून मधला आकडा घ्यायचा. आमचा आला १७०.

१७० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे आमचा ढोल हातात नव्हता, तो जवळजवळ ५८ मीटर लांब कोणीतरी वाजवत होतं आणि भाच्याला तिथून ऐकू येत होता. पथकात इतकं अंतर पडलं की मागची रांग पुढच्या ताशाशी जुळत नाही, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. बोट टेकल्यापासून आवाज कानावर येईपर्यंतच्या या वेळेला लेटन्सी म्हणतात. ती एकाच ठिकाणी साचलेली नसते. फाइलमध्ये थोडी असते, आपल्या कोडमध्ये थोडी, फोनच्या आत थोडी. प्रत्येक ठिकाणी जाऊन शोधावी लागते.

पहिली चोरी फाइलमध्ये सापडली, आणि ती आमच्याच काटकसरीतून झाली होती.

गेमची पहिली आवृत्ती तयार झाली तेव्हा सगळे आवाज वेव्ह फाइलमध्ये होते. वेव्हमध्ये आवाज कच्चा असतो. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजायची, प्रत्येक मोजणीला दोन बाइट, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. हिशेब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट. आमच्याकडे ठेक्याचे दोन-दोन मिनिटांचे तीन ट्रॅक होते, म्हणजे ३६० सेकंद. त्यांचेच साडेत्रेसष्ट एमबी झाले. ढोल-ताशाच्या सुट्या थापा २४, प्रत्येकी पाऊण सेकंदाच्या जरा वर, सगळ्या मिळून १९ सेकंद. त्यांचे सव्वातीन-साडेतीन एमबी. एकूण ६७ एमबी फक्त आवाजाचे, तेही एवढ्याशा गेमसाठी. बहिणीच्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगची चित्रं भरून जी जागा उरली होती, तिच्यात हा गेम बसेना.

मग मी सरसकट सगळ्याचं एमपी-थ्री करून टाकलं, १२८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट. ६७ चे ६ झाले. खूश होऊन झोपलो. थापेची तक्रार आली ती त्यानंतर.

एमपी-थ्री आवाज एकेक मोजणी करून लिहीत नाही. ते ११५२ मोजण्यांचा एक तुकडा घेतं, कानाला जे ऐकू येणार नाही ते त्यातून गाळतं आणि उरलेलं लिहितं. तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, त्यामुळे पहिला तुकडा नीट उलगडायला आधी थोडी रिकामी जागा लागते. लेम नावाचं जे एन्कोडर बहुतेक सगळे वापरतात, ते सुरुवातीला ५७६ मोजण्यांची शांतता घालतं. उलगडताना डीकोडरच्या ५२९ त्यात पडतात. बेरीज ११०५, म्हणजे २५ मिलिसेकंद. किती शांतता घातली ते लेम फाइलमध्ये नोंदवून ठेवतं, आणि चांगले प्लेअर ती वाचून तेवढा भाग सोडून देतात. आम्ही वापरलेला डीकोडर त्या नोंदीकडे बघतच नव्हता. दोन तासांच्या गाण्यांच्या यादीत हे २५ मिलिसेकंद कोणाच्या बापाला कळणार नाहीत. थापेत कळतात.

आणि हे फक्त सुरुवातीला होत नाही. शेवटचा तुकडा पुरा भरावा म्हणून तिथेही शांतता घातली जाते. ठेका संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना ही दोन्ही टोकं एकमेकांना लागतात आणि प्रत्येक आवर्तनाला एक ठेच लागते. ताशेवाला दर दोन मिनिटांनी दगडाला अडखळतोय असं वाटतं. शिवाय कमी बिटरेटवर ताशाच्या काडीसारखे तीक्ष्ण आवाज किंचित लेपाटतात. काडी पडायच्या आधीच "फ्स्स" असा पुसट धूर ऐकू येतो, कारण तुकड्यात झालेली चूक त्या तुकड्यात सगळीकडे पसरते, आघाताच्या आधीही.

२५ समजले. पण ऑडॅसिटीत थापेची फाइल उघडून मोठी केली तर आघाताच्या आधी सरळ रेघ त्याहून बरीच लांब दिसली, ६३ मिलिसेकंदांची. उरलेले ३८ माझे होते. रेकॉर्डिंग कापताना मी आघाताच्या जरा आधी कापलं होतं, "सुरुवात तुटू नये" म्हणून. डोळ्यांना ती रेघ दिसत नव्हती कारण मी कधी तेवढं मोठं करून बघितलंच नव्हतं. गेममध्ये थाप उशिरा वाजते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो की कोडला हात लावायच्या आधी फाइलची पहिली शंभर मिलिसेकंदं बघ. आमच्या १७० पैकी एक तृतीयांशाहून जास्त तिथेच होते आणि ते काढायला एक ओळ लागली:

```
ffmpeg -i thap.wav -af "silenceremove=start_periods=1:start_threshold=-50dB" -ac 1 -ar 48000 thap_kapleli.wav
```

यात `-ac 1` म्हणजे एकच चॅनल. ढोलाच्या एका थापेला डावं-उजवं कशाला हवं? फोनच्या स्पीकरवर तसंही कळत नाही, आणि फाइल निम्मी होते. `-50dB` हा आकडा मात्र ऐकून ठरवायचा. खोलीत पंख्याचा आवाज रेकॉर्ड झाला असेल तर तो ह्या पातळीच्या वर राहतो आणि काहीच कापलं जात नाही. उलट पातळी फार वर नेली तर आघाताचा पहिला कण जातो आणि ढोल पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो.

आता थापा पुन्हा एमपी-थ्री करायच्या का? हिशेब बघा. एका चॅनलच्या, ४८,००० मोजण्यांच्या, कच्च्या १९ सेकंदांचे होतात सुमारे १.८ एमबी. एमपी-थ्रीत ०.३ एमबी. वाचले दीड एमबी, आणि त्या बदल्यात शांतता, लेपाटणं आणि उलगडण्याचं काम विकत घेतलं. छोट्या आवाजांवर काटकसर करून फार काही हाती लागत नाही. पैसा सगळा लांब ट्रॅकमध्ये आहे. म्हणून थापा आम्ही कच्च्याच ठेवल्या आणि गेम सुरू होताना मेमरीत घेतल्या, म्हणजे बोट टेकलं की उलगडायचं काहीच शिल्लक नसतं. ज्यांच्याकडे शेकडो छोटे आवाज आहेत त्यांनी एडीपीसीएम बघावं. त्यात मोजण्यांमधला फरक फक्त चार बिटांत लिहितात, त्यामुळे फाइल साधारण पावपट होते आणि उलगडायला फोनला जवळजवळ काही लागत नाही. मात्र थोडी खरखर येते. ढोलात ती खपते, बासरीत नाही.

लांब ट्रॅकसाठी ऑग व्हॉर्बिस घेतलं, गुणवत्ता २ वर, म्हणजे सुमारे ९६ केबीपीएस. त्याचे सव्वाचार एमबी झाले. व्हॉर्बिसमध्ये ट्रॅक नेमका किती मोजण्यांचा आहे हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे शेवट आणि सुरुवात बिनसांध्याची जुळते. ताशेवाल्याची ठेच गेली. थापांसकट एकूण सहा एमबीच्या थोडं वर. म्हणजे सरसकट एमपी-थ्रीच्या वेळी जेवढी जागा लागत होती, जवळजवळ तेवढीच.

इथे एक खड्डा आहे. फाइल चार एमबीची म्हणजे मेमरीतही चार एमबीच, असं नाही. वाजवायला ती उलगडावी लागते, आणि उलगडलेले ३६० सेकंद, दोन चॅनल, ४८,००० मोजण्या यांचे ६९ एमबी होतात. गेम सुरू होतानाच तिन्ही ट्रॅक उलगडून ठेवले तर तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर मागचे ॲप बंद पडायला लागतात. म्हणून लांब ट्रॅक वाजता वाजता, तुकड्या-तुकड्याने उलगडायचा, ज्याला स्ट्रीमिंग म्हणतात. त्याला सुरू व्हायला क्षणभर लागतो, पण ठेका कधी सुरू होणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, तेव्हा आधीच तयारी करून ठेवता येते. थाप कधी पडणार हे माहीत नसतं. पुढेही हा फरक दोनदा उपयोगी पडणार आहे.

फाइल साफ झाल्यावर पुन्हा टिचक्या मारल्या. १०७.

आता बफर. फोन आवाज एकेक मोजणी करून मागत नाही, गठ्ठ्याने मागतो. तुम्ही गठ्ठा भरून द्यायचा, तो वाजेपर्यंत पुढचा भरायचा. वडापावच्या गाडीवर उभं राहिलात की हेच दिसतं. कढईत एक घाणा तळत असतो. तुम्ही आत्ता वडा मागितलात तर तो चालू घाण्यात मिळणार नाही, पुढच्यात मिळेल. घाणा मोठा असेल तर बराच वेळ उभं राहावं लागतं. मग घाणा लहान का नाही टाकत? कारण लहान घाणा पटकन संपतो, आणि तेवढ्यात वडेवाला सुट्टे पैसे शोधायला लागला की ताट रिकामं पडतं. आवाजात ताट रिकामं पडलं की "कट्" असं ऐकू येतं. गठ्ठा वेळेवर आला नाही म्हणून मध्ये भोक पडतं.

आमचा घाणा होता १०२४ मोजण्यांचा, आणि असे दोन रांगेत. ४४,१०० च्या वेगाने हे ४६ मिलिसेकंद होतात. भरीला दुसरी गोष्ट होती. आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनचं आवाजाचं हार्डवेअर ४८,००० च्या वेगाने चालतं. तुम्ही ४४,१०० दिलं की मध्ये कोणीतरी त्याचं रूपांतर करतं. अँड्रॉइडमध्ये आवाजाला दोन रस्ते असतात, एक साधा, जिथे सगळ्या ॲपचा आवाज निवांत मिसळला जातो, आणि एक जलद. रूपांतराची गरज पडली की बऱ्याच फोनवर तुम्हाला मुकाट साध्या रस्त्यावर वळवतात. कुठलीही चूक दाखवत नाहीत, आवाजही व्यवस्थित येतो, फक्त उशिरा. म्हणूनच वर थापा कापताना `-ar 48000` लिहिलं होतं.

जलद रस्ता मागायची सोय अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून एऑडिओ नावाने आहे. त्याआधीच्या फोनवर ओपन-एसएल होतं. गूगलची ओबो नावाची मोफत लायब्ररी फोन बघून दोन्हींपैकी योग्य ते निवडते. आमचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे, त्यामुळे एवढंच लागलं:

```cpp
oboe::AudioStreamBuilder b;
b.setPerformanceMode(oboe::PerformanceMode::LowLatency)
 ->setSharingMode(oboe::SharingMode::Exclusive)
 ->setUsage(oboe::Usage::Game)
 ->setFormat(oboe::AudioFormat::I16)
 ->setDataCallback(this)
 ->setErrorCallback(this);
b.openStream(stream);
stream->requestStart();
stream->setBufferSizeInFrames(stream->getFramesPerBurst() * 2);
```

वेग मुद्दाम लिहिलेला नाही. न लिहिल्यास फोन स्वतःचा वेग देतो, आणि तोच हवा असतो. `LowLatency` आणि `Exclusive` ह्या विनंत्या आहेत, हुकूम नाहीत. स्ट्रीम उघडल्यावर खरोखर काय मिळालं ते विचारून घ्यावं. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. फोनचा स्वतःचा घाणा केवढा ते `getFramesPerBurst()` सांगतं. भाच्याच्या फोनवर १९२ आला, म्हणजे चार मिलिसेकंद. त्याच्या दुप्पट ठेवायचं, एक वाजतोय आणि एक तयार. ४६ च्या जागी ८.

टिचकी मारली. ४८ मिलिसेकंद. भाच्याने फोन घेतला, दोन आवर्तनं वाजवली आणि काही न बोलता तिसरं सुरू केलं. ते पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मात्र कटकट सुरू झाली. ठाणे ते ऐरोली अख्खा प्रवास मी गाडीच्या खडखडाटाला दोष देत होतो. तो दोष गाडीचा नव्हता. `stream->getXRunCount()` हा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात छापला, तर तो एकेकाने वाढत होता. ताट किती वेळा रिकामं पडलं, त्याची ती मोजणी असते. शून्यावर राहिला पाहिजे. कारण सापडलं तेव्हा लाज वाटली. गठ्ठा भरणाऱ्या फंक्शनमध्ये मी तपासणीसाठी एक ओळ लॉगमध्ये लिहीत होतो. लॉग लिहायला एरवी काहीच लागत नाही, पण कधीतरी फोन दुसऱ्या कामात असला की ती ओळ अडकते आणि चार मिलिसेकंद निघून जातात. त्या फंक्शनमध्ये फाइल वाचायची नाही, नवीन मेमरी मागायची नाही, कुलूप लावून कोणाची वाट बघायची नाही आणि लॉगही लिहायचा नाही. घाणा चालू असताना वडेवाल्याने बटाटे आणायला मंडईत जायचं नाही. बटाटे आधीच उकडून ठेवलेले हवेत. थापा मेमरीत, ट्रॅकचा पुढचा तुकडा दुसऱ्या थ्रेडने आधीच उलगडून ठेवलेला.

एक छोटी गोष्ट आणखी. स्ट्रीम बंद ठेवून पहिल्या टिचकीला उघडली तर पहिली थाप नेहमी उशिरा येते, कारण आवाजाचं हार्डवेअर झोपेतून उठतं. म्हणून खेळ चालू असताना स्ट्रीम चालूच ठेवायची, काही वाजत नसेल तर शून्य भरून द्यायचे. खेळ मागे गेला की लगेच बंद, नाहीतर बॅटरी उगाच जाते. आयफोनवर हे प्रकरण सोपं आहे. तिथे `setPreferredIOBufferDuration(0.005)` असं पाच मिलिसेकंदांचं मागणं करायचं आणि `ioBufferDuration` वाचून काय मिळालं ते बघायचं.

सगळीकडे ४८ मिळाले नाहीत. बहिणीच्या जुन्या फोनवर ९० च्या खाली येत नाही, आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही. ब्लूटूथचे इअरबड लावले तर सगळंच मुसळ केरात. तिथे आवाज पुन्हा एकदा आवळला जातो, हवेतून जातो, बडमध्ये साठवून मग उलगडला जातो, आणि सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद वाढतात. कोड कितीही घासला तरी ते कमी होणार नाहीत. मघाचा फरक इथे कामाला येतो. ठेका आधीच माहीत असल्यामुळे तो किती उशिरा ऐकू येतोय ते एकदा मोजून घेता येतं. खेळणाऱ्याला आठ ठोके ऐकवायचे, त्याला बोट टेकवायला सांगायचं, मधला फरक काढायचा, आणि चित्र व गुण दोन्ही तेवढे मागे सरकवायचे. थापेला मात्र हे करता येत नाही, कारण बोट टेकायच्या आधी थाप पाठवणार कशी? म्हणून ब्लूटूथ असेल तर आम्ही खेळणाऱ्याच्या थापेचा आवाजच बंद करतो. बोटाखाली पान हलतं, फोन किंचित थरथरतो, कानात फक्त ठेका. भाच्याला हे आधी पटलं नव्हतं. दोन्ही वाजवून दाखवल्यावर तोच म्हणाला, उशिराच्या थापेपेक्षा मुकी थाप बरी.

गेम नातेवाइकांत वाटला. आठवड्याने बहीण मुलांना घेऊन गडकरीला नाटकाला गेली. तिसरी घंटा झाली, मोबाइल सायलेंटवर ठेवण्याची विनंती झाली, तिने फोन सायलेंटवर टाकला आणि धाकटीच्या हातात दिला, म्हणजे ती गप्प बसेल. पडदा वर गेला, रंगमंचावर एकटी बाई शांतपणे चहा ओततेय, आणि सातव्या रांगेतून पूर्ण आवाजात ढोल. बहिणीने मध्यंतरात मला फोन केला. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

तिची काहीच चूक नव्हती. अँड्रॉइडमध्ये रिंग, नोटिफिकेशन, अलार्म आणि मीडिया यांचे आवाज वेगवेगळे असतात. सायलेंट केल्याने रिंग आणि नोटिफिकेशन बंद होतात. गेमचा आवाज मीडियात मोडतो, तो चालूच राहतो. फोनच्या दृष्टीने हे बरोबर आहे. नाटकगृहात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने अजिबात नाही. आयफोनवर हे बरंचसं आयतं मिळतं. तिथे ॲपने आवाजाचा प्रकार सांगायचा असतो. `ambient` सांगितला तर सायलेंटचं बटण गेमलाही लागू होतं आणि माणसाचं आधीपासून चालू असलेलं गाणंही बंद पडत नाही. काहीच न सांगितल्यास `soloAmbient` मिळतो, जो सायलेंट पाळतो पण दुसऱ्याचं गाणं थांबवतो. `playback` सायलेंटला जुमानत नाही, तो गाण्यांच्या आणि व्हिडिओच्या ॲपसाठी आहे. संगीताचा गेम आहे म्हणून तो निवडणारे मी पाहिलेत. त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना अजून नाटकातून फोन केला नसावा.

अँड्रॉइडवर हे काम आपल्याला स्वतः करावं लागतं, आणि त्याला कुठली परवानगीही लागत नाही:

```kotlin
val am = getSystemService(AudioManager::class.java)
val gapp = am.ringerMode != AudioManager.RINGER_MODE_NORMAL
```

हे गेम उघडताना एकदा विचारून भागत नाही. माणूस गेममधून बाहेर जाऊन सायलेंट करतो आणि परत येतो. म्हणून दर वेळी गेम समोर आला की विचारायचं, आणि मध्येच बदललं तर कळावं म्हणून `RINGER_MODE_CHANGED_ACTION` ऐकत राहायचं. फोन सायलेंट किंवा व्हायब्रेटवर असेल आणि इअरफोन लावलेले नसतील तर गेम मुका सुरू होतो. इअरफोन असतील तर वाजतो, कारण लोकलमध्ये अर्धे लोक फोन कायम सायलेंटवर ठेवून कानात गाणी ऐकत असतात, त्यांना मुका गेम नको असतो. कानात आधीच दुसरं गाणं चालू असेल, तर `isMusicActive` विचारून आम्ही आपला ठेका गप्प ठेवतो.

इअरफोनची वायर गर्दीत ओढली जाते हा ह्याच प्रकरणाचा दुसरा भाग. ती निघाली की फोन आवाज स्पीकरवर वळवतो आणि ऐरोलीच्या गर्दीत तुमचा ढोल सगळा डबा ऐकतो. त्या क्षणी `ACTION_AUDIO_BECOMING_NOISY` असा निरोप येतो. तो आला की आम्ही नुसता आवाज नाही, खेळच थांबवतो. फोन आला, किंवा दुसऱ्या ॲपने आवाजाचा हक्क घेतला म्हणजे ऑडिओ फोकस गेला, तरी तेच. आवाज बंद करून खेळ चालू ठेवला तर माणसाचे ठोके चुकत जातात आणि तो आपल्यावर चिडतो. शिवाय इअरफोन काढला-घातला की ओबोची स्ट्रीम तुटते. `onErrorAfterClose` मध्ये ती नव्याने उघडली नाही तर गेम तिथून पुढे कायमचा मुका होतो, आणि लोक "आवाज गेला" म्हणून गेम काढून टाकतात. नवी स्ट्रीम नव्या रस्त्याची असते, तेव्हा घाण्याचं माप पुन्हा विचारून घ्यायचं. आधीचं १९२ तसंच धरून चालायचं नाही.

हे सगळं करून नवीन आवृत्ती बहिणीच्या फोनवर टाकली. दोन दिवसांनी धाकटीचा फोन आला. "मामा, तुझा गेम बिघडलाय. ढोल वाजतच नाही." फोन अर्थातच सायलेंटवर होता. बहीण नाटकानंतर तो सायलेंटवरून काढायलाच विसरली होती. मुका सुरू झालेला गेम आणि बिघडलेला गेम बाहेरून सारखेच दिसतात, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. आता वरच्या कोपऱ्यात स्पीकरचं फुली मारलेलं चित्र येतं आणि त्याच्याखाली लिहिलेलं असतं, "फोन सायलेंटवर आहे. ढोल ऐकायचा असेल तर इथे टेकवा." टेकवलं तर तेवढ्या खेळापुरता आवाज येतो. पुढच्या वेळी गेम उघडला की पुन्हा फोनचंच ऐकायचं, हे आम्ही बराच वाद घालून ठरवलं. धाकटीला अजून वाचता येत नाही, त्यामुळे तिने त्या चित्रावर टेकवून बघितलं, ढोल वाजला, आणि आता ती प्रत्येक वेळी आधी तेच करते. पुढच्या नाटकाला फोन तिच्या हातात द्यायचा नाही, असं बहिणीने ठरवलंय.